पळून जायची जागा

अंजली माझ्याकडे सातवीत होती तेव्हा शुद्धलेखनात मार खायची. आता ती पुण्याहून हिब्रू शिकून आली आहे आणि मला शिकवते. दैव म्हणतात ते हेच.

शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, जुना करार आमच्या बोलीत ऐकवायचा, असं काम तिच्या संस्थेनं काढलं. पुस्तक नाही, फक्त आवाज. शेतात, घरात, मोबाइलवर लावला की ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. हिब्रू तिचं आणि मराठी माझं, अशी वाटणी. मी गेवराईच्या शाळेतून निवृत्त होऊन घरात सुनेच्या भाजीत मीठ शोधत बसले होते. सून स्वतः रिक्षा बोलवायला धावली, यावरून काय ते समजा.

कामाची रीत अशी. आम्ही दोघी गेवराईत बसून मजकूर तयार करायचो आणि चकलांब्याला जाऊन तिथल्या मंडळीतल्या लोकांना ऐकवायचो. सकाळी बाया, दुपारून पुरुष. चर्चच्या पत्र्याखाली सतरंजी. अंजली एक वचन म्हणणार आणि थांबणार. मग ज्याची पाळी असेल त्यानं तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्यानं बरोबर सांगितलं तर वचन पास. चुकीचं सांगितलं तर चूक त्याची नाही, आमची. आयुष्यभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनं दाखवल्यावर हा नियम माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला.

पुरुषांत सगळ्यात रंगून सांगणारा धर्मराज. अंगानं आडदांड, आवाज असा की पत्र्यावरची कबुतरं उडावीत. मिसर देशात बेडूक निघाले ते वचन त्याच्या पाळीला आलं तेव्हा तो उभाच राहिला.

"बेडूक कसं, बाई? राजाच्या परातीत बेडूक. कणीक मळाय गेलं की बेडूक. राजा पांघरूण घितोय, आतून डराँव! राजा म्हनतोय, कावून बे, तू हितं कावून?"

शास्त्रात 'बे' नाही, असं अंजलीनं नम्रपणे सांगितलं. "मनात म्हनला आसंल," धर्मराज म्हणाला. सतरंजीवर सगळे लोळले. मीही हसले. मी सहसा हसत नाही, हे त्या गावाला माहीत आहे.

हा धर्मराज पूर्वी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. दोन हंगामांपूर्वी फडात ट्रॉली मागं घेताना तिच्यामागं हनुमान उभा होता. रुक्मिणीबाईंचा हनुमान, धर्मराजचा लहानपणापासूनचा दोस्त. धर्मराजला तो दिसला नाही. हनुमान जागीच गेला. अपघात म्हणून सगळ्यांनी मानलं, रुक्मिणीबाईंनीही कुणावर बोट ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून धर्मराजनं ट्रॅक्टरला हात लावला नाही आणि त्या माउलीच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. तिच्या घरावरून वाट जाते म्हणून हा गडी सगळ्या गावाला वळसा घालून किराणा आणायचा. बेडकांवर हसवणारा माणूस तोच, आणि वळसा घालणाराही तोच.

गोष्टी संपल्या आणि कायदे आले. कायद्याला रंग नसतो, मला ते काम कंटाळवाणं वाटलं. अंजलीच्या मात्र डोळ्यांत चमक.

"बाई, इथं बघा. मक्के."

"मका?"

"मक्के. म्हणजे प्रहार करणारा. मुळात हे क्रियापदाचंच रूप आहे, पण इथं नाम म्हणून वापरलंय. मक्के ईश, माणसावर प्रहार करणारा. 'जो' नाही, 'तो' नाही. एकाच शब्दात माणूस आणि त्याचं कृत्य. पुढं म्हणतात, आणि तो मेला, तर त्यानं मेलंच पाहिजे."

"ज्यावर प्रहार झाला तो मेला, तर प्रहार करणाऱ्यानं."

"हो. आणि पुढच्या काही कायद्यांची सुरुवातही अशीच आहे. आईबापावर हात टाकणारा, माणूस पळवणारा, आईबापाला शिव्याशाप देणारा. दारावर पाटी लावावी तशी सुरुवातीलाच ओळख."

संस्थेचा नियम होता की हिब्रूत नाम असेल तर शक्यतो मराठीतही नाम द्यावं. अंजली नियमाला पक्की. मी म्हटलं, मग 'मारेकरी' घे, ठसठशीत शब्द आहे. तिनं घेतला. आम्ही दोघीही खूश झालो. आपल्याला छान शब्द सापडला की माणूस असाच खूश होतो.

त्या दुपारी अंजलीनं वचन म्हटलं. "मानसाचा मारेकरी, त्यानं मेलंच पायजे." आणि रीतीप्रमाणे थांबली.

पाळी धर्मराजची होती.

तो उठला नाही, हातवारे केले नाहीत. खाली बघत म्हणाला, "मारेकरी आसंल त्यानं मेलंच पायजे. बराबर हाय."

मग चप्पल शोधली, पायात घातली आणि चालता झाला.

अंजलीनं वचनापुढं पासची खूण केली. शब्दाला शब्द बरोबर होता ना! मी तिच्याकडे बघतच राहिले. असा परीक्षक आणि असा विद्यार्थी माझ्या साऱ्या नोकरीत मला भेटला नव्हता. तिला हनुमानाचं माहीत नव्हतं, ती तेव्हा पुण्यात होती. पण मला माहीत होतं, आणि तो ठसठशीत शब्द मीच सुचवला होता.

परतीच्या जीपमध्ये मी तिला सगळं सांगितलं. ती उसाच्या ट्रॉल्यांकडे बघत राहिली आणि मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "बाई, पुढचं वचन त्याच्यासाठीच होतं हो! मी थांबायलाच नको होतं."

"काय आहे पुढच्या वचनात?"

"व-अशेर. आणि जो."

"नीट सांग. मी जीपमध्ये आहे, वर्गात नाही."

तिनं नीट सांगितलं. अशेर हा जोडणारा शब्द, आपल्या 'जो'सारखा. पण आपला जो, जी, जे बदलतो आणि अशेर बदलत नाही. बाई असो, बुवा असो, एक असो, शंभर असोत, तो आहे तसाच. वरच्या वचनात नुसती पाटी, प्रहार करणारा. आणि लगेच पुढं, 'पण ज्यानं दबा धरला नव्हता'. इथं नामाची पाटी नाही, काय घडलं ते क्रियापदानं सांगितलंय. त्याच प्रहार करणाऱ्यांतून हा माणूस बाजूला काढलाय. देवानंच समोरच्याला त्याच्या हाताशी येऊ दिलं. त्याच्यासाठी मी जागा ठरवून ठेवीन, जिथं त्यानं पळून जावं.

"'जिथं' लाही अशेरच आहे," ती म्हणाली. "एकाच वचनात दोनदा. एकदा माणसाला, एकदा जागेला."

"आणि आपण मधेच थांबलो."

"रीतच तशी आहे ना, बाई. एक वचन, एक थांबा."

"तुझ्या रीतीला मी विस्तवात घालीन," मी म्हणाले. जीपवाल्यानं मागं वळून बघितलं.

"आणि मारेकरीही चुकलं," ती हळूच म्हणाली. "मारेकरी ठरवून मारतो. मक्के मध्ये ठरवलं की नाही, ते येतच नाही. नुसतं मारलं, एवढंच. रोज मारणारा असंही नाही, एकदाच केलेलं असलं तरी मक्केच."

शब्द माझा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चकलांब्याला धर्मराजच्या घरी गेलो. त्याची बायको बायनाबाई दारातच रडवेली उभी होती. अंगणात गोणी भरल्या होत्या.

"परवा चाललाय पुन्याकडं, कायमचा. म्हनतोय, शास्त्रातबी माजंच नाव निगालं. गावानं न्हाई म्हनलं, पन देवानं म्हनलं. आता कुनाला त्वांड दाखवू."

धर्मराज आतल्या खोलीत होता. अंजली उंबऱ्यातून म्हणाली, "दादा, ते वचन अर्धं होतं. पुरं ऐकून घ्या ना."

आतून आवाज आला, "ताई, तुमी लई चांगल्या हाव. म्हनून आता गोड करून सांगाल. मला गोड नको."

आम्ही पुरं सांगितलं असतं तरी त्यानं ते सांत्वन म्हणूनच ऐकलं असतं. त्याच्या लेखी खरं वचन पहिलंच होतं, आम्हाला अजून दया आलेली नव्हती तेव्हाचं.

घरी येऊन आम्ही भांडलो. ते भांडण सुनेनं दारामागून ऐकलं आणि शेजारी जाऊन सांगितलं. मी म्हणत होते की दोन्ही वचनांना 'जो' लाव, मराठीत कायदा तसाच बोलतात, 'जो कोणी अमुक करील त्याला'. अंजली म्हणत होती की मग दोन्ही सारखी होतील, पाटी आणि हकीकत यांतला फरक जाईल. 'पण ज्यानं' ऐकताच कान टवकारले पाहिजेत, तर त्याच्या आधी 'ज्यानं' येऊन चालणार नाही. पोरगी बरोबर होती. कबूल करायला मला दोन कप चहा लागला.

शेवटी मी म्हणाले, "मग 'हाणणारा' घे. आपल्या बोलीत हाणणं म्हणजे हाणणं. त्यात ना जीव घेणं येतं, ना ठरवणं. नामासारखंच बसतं. आणि श्वास न घेता पुढचं म्हण."

तिनं म्हणून बघितलं. "मानसाला हाननारा, आन् त्यो मानूस मेला, तर हाननाऱ्यानं मेलंच पायजे, पन ज्यानं दबा धरला नव्हता, देवानंच त्येच्या हाताशी यीऊ दिलं, त्येच्यासाटी मी जागा ठरवून ठिवीन, जितं त्यानं पळून जावं." मग मला विचारलं, "बाई, बरं वाटतं का?" मी म्हणाले, आता कान जायचे तिथं जातात. मनात मात्र मला फार बरं वाटलं होतं.

धर्मराज जाणार त्या दिवशी सकाळी बायांचं ऐकणं होतं. बदललेला मजकूर कधीही न ऐकलेल्या माणसापुढं म्हणून बघायचा, ही पण रीतच. पाळी कुणाची, ते मी सतरंजीकडे बघताच समजले. रुक्मिणीबाईंची.

मी अंजलीच्या कानाशी लागले. "तिला सोड. पुढचीला विचार."

"बाई, पाळी त्यांची आहे. वगळलं तर त्यांना कळणार नाही का, कावून वगळलं ते?"

पुण्याला जाऊनही हिचं 'कावून' गेलं नव्हतं, एवढं मला त्या घाईतही जाणवलं.

अंजलीनं एका दमात म्हटलं. मधे थांबली नाही. पत्र्याखालच्या सगळ्यांच्या नजरा रुक्मिणीबाईंकडे वळल्या, कारण तिथल्या प्रत्येकीला हनुमान माहीत होता. रुक्मिणीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग सांगू लागल्या, सावकाश.

"एकानं दुसऱ्याला हानलं. त्यो मेला. तर हाननाऱ्यालाबी मारायचं." थोड्या थांबल्या. "पन ज्यानं दबा धरला नव्हता. ज्येच्या मनातच नव्हतं. देवानंच तसं हू दिलं. तर देव म्हनतोय, त्येला म्या जागा दितो. त्यानं तितं पळून जावं."

वचन पास. खूण करायला अंजलीचा हात उठला नाही. रीतीप्रमाणे एक प्रश्न विचारायचा होता, तो तिनं कसाबसा विचारला. "आजी, जागा कोणासाठी?"

"सांगितलं की. ज्यानं दबा धरला न्हाई त्येच्यासाटी." मग त्यांनीच विचारलं, "कुटं हाय गं ती जागा?"

अंजली खोटं बोलत नाही, हा तिचा दोष म्हणा की गुण. "इथं नाव दिलेलं नाही, आजी. पुढं दुसऱ्या ठिकाणी गावांची नावं येतात. इथं नुसती 'जागा, जिथं तो पळून जाईल'."

"मग ठरवायची कुनी?"

"'मी ठरवीन' असं आहे. म्हणजे देव."

"आन् देव काय चकलांब्यात इटा घिऊन येनार हाय का?" रुक्मिणीबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठल्या. "कुटं हाय त्यो धर्मा? बायनाकडनं म्या समदं आयकलं, आज चाललाय म्हनं."

सगळ्या बाया मागं निघाल्या. मी आणि अंजलीही. आमची सतरंजी, आमचं रेकॉर्डिंगचं यंत्र, सगळं तिथंच राहिलं. कुत्री भुंकू लागली. एखादं लग्न निघावं तशी वरात धर्मराजच्या दारी पोचली.

धर्मराज गोणी खांद्यावर घेऊन निघतच होता. समोर रुक्मिणीबाईंना पाहून त्यानं गोणी खाली टाकली आणि हा आडदांड गडी सरळ आत जाऊन कवाडामागं उभा राहिला. फटीतून त्याचा निम्मा सदरा बाहेर दिसत होता.

रुक्मिणीबाई अंगणात उभ्या राहिल्या. "धर्मा."

फटीतला सदरा थोडा आत सरकला.

"तुला त्या पोरीनं अर्दंच सांगितलं म्हनं. पुरं आयक. मला कुनी गोड करून सांगितलं न्हाई, माजा ल्योक गेलाय." आणि त्यांनी ते अख्खं म्हटलं. पाठ झालं होतं. 'पन ज्यानं दबा धरला नव्हता' इथं त्यांचा आवाज फाटला, पण थांबल्या नाहीत.

कवाडामागून मोठ्या माणसाचं रडणं ऐकू येऊ लागलं. बायनाबाई जमिनीवरच बसली. माझेही डोळे भरले होते, आणि का भरू नयेत?

"मावशी," आतून तो म्हणाला, "म्या त्येला बघितलं न्हाई वो. खरंच बघितलं न्हाई."

"म्हाईत हाय. तेच तर लिव्हलंय."

"मला जाऊ द्या मावशी. हितं मला जागा न्हाई."

"हाय. म्या ठरवली." रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले. "तुला पळूनच जायचं हाय ना? माज्या घरी पळून ये. दोन सालं झाली, माज्या वसरीवर कुनी जेवलं न्हाई. रोज हनुमंताची भाकर मी उगंच थापती आन् म्हशीला घालती."

सदरा हलला. कवाड उघडलं. धर्मराज बाहेर आला, खाली मान घालून, तिच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याचे केस धरून मान वर केली, दोन्ही हातांनी तोंड चाचपलं, आणि आल्या वाटेनं वळल्या.

तो मागोमाग निघाला, एकेक पाऊल मोजावं तसा. गल्लीचं तोंड आलं, जिथून तो एवढे दिवस वळसा घालायचा, आणि तिथं त्याचे पाय थबकले. रुक्मिणीबाई पुढं गेल्या होत्या. त्यांनी मागं बघितलं.

"चालतोस कावून? त्यात पळाय सांगितलंय."

बायांच्या घोळक्यात कुणीतरी हसलं. धर्मराजनं अंजलीकडे बघितलं, जणू खरंच तसं आहे का ते विचारत होता. तिनं डोळ्यांतलं पाणी न पुसताच मान हलवली. "यानुस," ती म्हणाली. "पळेल. पळेल असंच आहे, दादा."

तेव्हा तो ओला, लाल डोळ्यांचा, दांडगा माणूस धोतर सावरत खरोखरच त्या गल्लीतून पळत सुटला.